तीन ओळींतला बेदाणा

तासगाव परिसरातल्या एका बागायतदार बाईंनी पुण्याच्या एका बिस्कीट-कुकी कंपनीच्या खरेदी विभागाला एक ईमेल पाठवला होता. साडेतीनशे शब्द, सात परिच्छेद, दोन जोडपत्रे. उत्तर आले नाही. महिन्याभराने त्यांनी तोच मजकूर व्हॉट्सॲपवर तीन ओळींत पाठवला आणि त्याच दिवशी उत्तर आले. उत्तर आले याचे मला फारसे नवल नाही. संध्याकाळी मोबाइल हातात असताना माणूस बऱ्याच गोष्टींना उत्तर देतो. नवल आहे ते त्या तीन ओळींचे. त्यांनी दोन्ही मजकूर मला वाचायला दिले आणि नावे काढून टाकण्याच्या अटीवर लिहायची मुभा दिली. संदेश असा :

नमस्कार मॅडम. तुमच्या ओट्स कुकीसाठी छोट्या दाण्याचा, काडी काढलेला तासगावचा बेदाणा आमच्याकडे आहे.
ओलावा १५ टक्क्यांच्या आत, प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल; पुण्यातल्या दोन बेकऱ्या गेल्या हंगामापासून घेतात.
चाचणीसाठी १ किलो नमुना या आठवड्यात तुमच्या चाकणच्या कारखान्यावर पाठवू का?

पहिल्या वाचनात यात काहीच विशेष वाटत नाही. साधा, कामाचा मजकूर. मूळ ईमेल शेजारी ठेवून वाचला की मात्र एकेक शब्द कुठून आला आणि त्याच्यासाठी काय काय बाहेर गेले, हे दिसू लागते.

ईमेलची सुरुवात त्यांच्या बागायतदार गटाच्या स्थापनेपासून होती. मग सांगलीच्या बेदाण्याला मिळालेले भौगोलिक मानांकन. मग बेदाणा कसा तयार होतो त्याचे वर्णन : द्राक्षे डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून काढायची, शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवायची, काडी मोडायची, प्रतवारी करायची. हा परिच्छेद खरोखर सुंदर लिहिलेला होता. त्यानंतर थॉमसन, सोनाका, माणिक चमन या वाणांची ओळख. त्यानंतर रंग. हिरव्या बेदाण्याला बाजारात कसा मान आहे, तो रंग टिकवायला किती जपावे लागते, याच्यावर आठ ओळी होत्या. मग 'अनेक समाधानी ग्राहक', मग भेटीची विनंती, आणि शेवटी 'आपला बहुमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व'.

द्राक्षाचा बेदाणा व्हावा तसा ईमेलचा संदेश झाला, असे म्हणण्याचा मोह होतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो, इथे तर आटणे त्याहूनही जास्त. पण ही उपमा फसवी आहे. बेदाण्यातून फक्त पाणी जाते. गर, साखर, आंबटपणा सगळे आत राहते. इथे गरही गेला आहे. शेडच्या जाळ्यांचे वर्णन हे पाणी नव्हते, आणि हिरव्या रंगावरच्या आठ ओळी तर लिहिणारीच्या मते त्या पत्राचा जीव होता.

रंगापासूनच सुरुवात करू, कारण तिथे त्यांची जाण सगळ्यात उघड दिसते. तासगावच्या सौद्यात बसलेल्या माणसासाठी रंग म्हणजे निम्मा भाव. एकसारखा हिरवा दाणा पाहिला की बोली चढते. पण तोच दाणा कुकीच्या पिठात मिसळून भट्टीत गेला की तांबूस-तपकिरी होऊन बाहेर येतो. कुकी करणाऱ्याला हिरव्या रंगाचे पैसे मोजण्याचे काहीच कारण नाही. त्याला हवे असते ते दाण्याचे माप. मोठा दाणा लहान कुकीत नीट पसरत नाही, काठावर आला तर करपतो, यंत्राने तुकडे पाडताना फाटतो. म्हणून संदेशात रंग शून्य आणि 'छोट्या दाण्याचा' अगदी पुढे. गंमत अशी की सौद्यात छोटा दाणा हा कमीपणा. जे वैगुण्य म्हणून विकले जाते, ते इथे पहिल्या ओळीत गुण म्हणून बसले आहे, आणि तसे बसवताना स्तुतीचे एकही विशेषण वापरलेले नाही. विक्रेत्याच्या अभिमानाची वस्तू बाहेर ठेवून घेणाऱ्याच्या गरजेची आत घ्यायची, यासाठी लागणारा संयम मला वाणिज्यलेखनात फार क्वचित भेटला आहे.

'काडी काढलेला' हे दोन शब्दही तसेच. बेदाण्याला चिकटून राहिलेली बारीक काडी घरी खिरीत आली तर आपण बाजूला काढून ठेवतो. कुकीत ती दाताखाली येते आणि ग्राहकाची तक्रार थेट खरेदी विभागाच्या टेबलावर. ईमेलमध्ये हा मुद्दा होता, पण 'अत्याधुनिक यंत्रणेद्वारे स्वच्छता व प्रतवारी' अशा शब्दांत. त्या वाक्यात यंत्र दिसते, काडी दिसत नाही. संदेशात यंत्र गेले आणि काडी राहिली. वाचणारीच्या मनात तिची जुनी डोकेदुखी आपोआप उभी राहते.

याच ओळीचा एक आधीचा खर्डा त्यांनी मला दाखवला. त्यात लिहिले होते, 'तुमच्या कुकीत काडी आढळली, आमच्या बेदाण्यात ती येणार नाही.' वाचायला खमंग आहे. पण अनोळखी क्रमांकावरून आलेल्या पहिल्याच संदेशात समोरच्याची चूक काढली, तर खरेदी अधिकारी आधी स्वतःची बाजू सावरायला लागते. बेदाण्याचा विषय बाजूला राहतो. शिवाय तो संदेश तिने वरिष्ठांकडे पुढे पाठवावा अशी आपली इच्छा असेल, तर तिच्याच विरुद्धची तक्रार ती कशाला पुढे धाडेल? बाईंनी तक्रार काढली आणि फक्त गुण ठेवला. ज्याला कळायचे त्याला कळते.

आता क्रम पाहा. ईमेलच्या पाचव्या परिच्छेदात मध्यावर एक वाक्य दडलेले होते : 'आपल्या ओट्स कुकीत लहान आकाराचा बेदाणा वापरला जात असल्याचे आमच्या निदर्शनास आले.' साऱ्या पत्रात एवढे एकच वाक्य असे होते, की जे या कंपनीखेरीज दुसऱ्या कुणालाही पाठवता आले नसते. तिथपर्यंत वाचणारी पोहोचलीच नसावी. संदेशात ते उचलून थेट नमस्काराच्या पाठीला लावले आहे. यामागे व्हॉट्सॲपची रचनाही आहे. गप्पांच्या यादीत संदेशाची सुरुवात तेवढी दिसते, आणि क्रमांक अनोळखी असेल तर उघडायचे की नाही याचा निवाडा त्या सुरुवातीवरच होतो. त्या तुटपुंज्या जागेत 'तुमच्या ओट्स कुकीसाठी' एवढे आले, की हा घाऊक पाठवलेला मजकूर नव्हे हे बंद खिडकीतूनच कळते. ईमेलमध्ये त्या जागेवर 'आमचा गट' होता.

तिन्ही ओळी एकाच संदेशात गेल्या, हीही लक्षात घेण्याजोगी गोष्ट. पुष्कळ माणसे आधी 'नमस्कार' पाठवतात, मग थांबतात, मग एकेक ओळ सोडतात. समोर चारदा घंटी वाजते, आणि यादीत दिसतो तो नेहमी शेवटचा संदेश. म्हणजे इथे तसे केले असते तर बाईंना न ओळखणाऱ्या त्या मॅडमना आधी दिसले असते, 'चाकणच्या कारखान्यावर पाठवू का?' काय पाठवणार, कोण पाठवणार, काही पत्ता नाही. एका फुग्यात राहिल्यामुळे सुरुवात सुरुवातीला राहिली. ओळी मात्र एंटर मारून तोडल्या आहेत. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर त्या तीनच्या आठ-नऊ होतात, तरी तीन तुकडे वेगळे दिसतात : काय आहे, कशावरून, पुढे काय.

दुसरी ओळ मला सर्वांत आवडते, कारण ती रुक्ष आहे. 'ओलावा १५ टक्क्यांच्या आत' हे खरेदी करणाऱ्याच्या तोंडचे वाक्य आहे. ओलावा जास्त असेल तर बेदाण्याचे गठ्ठे होतात, पिठात ते सुटे पडत नाहीत आणि पाकिटात गेल्यावर कुकी मऊ पडते. फार कोरडा असेल तर तो पिठातले पाणी ओढतो आणि भाजल्यावर खड्यासारखा लागतो. ओलाव्याचा उल्लेखच ईमेलमध्ये नव्हता. तिथे 'उत्तम दर्जा' होता. म्हणजे संक्षेप करताना बाईंनी एक नवा मजकूर आत घेतला आहे. लांब पत्राचे छोटे पत्र करताना फक्त कात्री लागते असा समज असतो, त्याला ही ओळ परस्पर उत्तर देते. आठ ओळींचा रंग बाहेर गेला आणि चार शब्दांचा ओलावा आत आला. जाणकाराला त्या चार शब्दांतून कळते की पलीकडे बसलेली बाई मोजते.

'प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल' इथे अहवाल जोडलेला नाही, फक्त आहे असे सांगितले आहे. ईमेलला दोन पीडीएफ होत्या. अनोळखी क्रमांकावरून आलेली फाइल किंवा लिंक उघडायला आज कुणीही कचरतो, आणि कचरावेच. पहिल्या संदेशात फाइल धाडली की आपण भामट्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. अहवालाचा उल्लेख पुरतो. मागितला की द्यायचा.

मग अर्धविराम, आणि 'पुण्यातल्या दोन बेकऱ्या गेल्या हंगामापासून घेतात'. 'अनेक समाधानी ग्राहक' इथे किती आकसले आहेत ते पाहा. दोन. आकडा लहान आहे, म्हणूनच तो खरा वाटतो. आणि 'गेल्या हंगामापासून' यात दुसरी ऑर्डर आली हे न सांगता सांगितले आहे. बेकऱ्यांची नावे नाहीत, तेही योग्य. आपल्या ग्राहकाचे नाव असे परक्याच्या मोबाइलवर टाकायचे नसते. मात्र हे वाक्य लिहिणाऱ्याने, विचारले तर, त्या दोघांना विचारून नावे देण्याची तयारी ठेवली पाहिजे. बाईंनी ठेवली होती.

इथे क्रियापदांकडे लक्ष वेधावेसे वाटते. संक्षेप म्हटला की पहिला बळी क्रियापदाचा जातो. त्यांचाच एक टाकून दिलेला खर्डा असा होता : 'तासगाव बेदाणा. उत्तम प्रत. ओलावा कमी. लॅब रिपोर्ट उपलब्ध. रास्त भाव. संपर्क साधा.' शब्द संदेशाच्या निम्मेही नाहीत, आणि तरीही तो कुणी वाचणार नाही, कारण ती भिंतीवरची जाहिरात आहे. तिच्यात बोलणारे कुणी नाही. पाठवलेल्या संदेशात 'आहे', 'घेतात', 'पाठवू का' अशी तीन क्रियापदे आहेत, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक. मधल्या ओळीचा पूर्वार्ध क्रियापदाविना आहे, पण तो दोन पूर्ण वाक्यांच्या कुशीत असल्याने खटकत नाही. कुठे तुटक राहायचे आणि कुठे वाक्य पुरे करायचे, याचा कान असल्याशिवाय हे साधत नाही.

तिसरी ओळ म्हणजे या संदेशाचे शील. ईमेलची विनंती होती, 'आपल्या सोयीनुसार भेटीसाठी वेळ द्यावा, ही नम्र विनंती.' शब्द कमालीचे नम्र, पण काम सगळे समोरच्याचे : रोजनिशी उघडा, वेळ शोधा, वरिष्ठांना विचारा, कळवा. संदेशात नम्रतेचा एकही शब्द नाही आणि काम सगळे लिहिणारीने अंगावर घेतले आहे. नमुना ती देणार, ती पाठवणार, कुठे पाठवायचा तेही तिला ठाऊक आहे. समोरून फक्त 'हो' हवे. अंगठा उमटवला तरी चालेल. आदर दाखवण्याची ही रीत मला 'बहुमूल्य वेळ' वगैरेपेक्षा कितीतरी खानदानी वाटते.

'चाकणच्या कारखान्यावर' हे त्यांना कुठून कळले? पाकिटावरून. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर उत्पादकाचा पत्ता छापावाच लागतो. त्यांनी पाकीट विकत घेतले, कुकी मोडून पाहिली, मग पाकीट उलटवून पत्ता वाचला. पहिल्या ओळीत कुकी आहे आणि तिसऱ्या ओळीत पत्ता. दोन्हींच्या मध्ये एक पाकीट आहे, आणि त्याचा उल्लेख कुठेच नाही. '१ किलो'ही विचारपूर्वक आहे. मूठभर नमुना चाखायला होतो. किलोभर असला तर प्रयोगशाळेत एक छोटी बॅच भाजून पाहता येते. आणि 'या आठवड्यात' म्हटल्यामुळे प्रश्नाला कड आली. 'कधीही पाठवू शकतो' लिहिले असते, तर उत्तरही कधीतरी आले असते.

प्रश्न एकच आहे, हे सांगायला हवे. नमुना पाठवू का, भेटता येईल का आणि सध्या कुणाकडून घेता, असे तीन प्रश्न एकत्र विचारले की लोक सोप्या प्रश्नाला उत्तर देतात किंवा कशालाच देत नाहीत. 'डिटेल्स पाठवा' असे उत्तर आले तर समजावे की आपला प्रश्न पुरेसा नेमका नव्हता. ते बहुधा टाळण्याचे सभ्य रूप असते. 'आपण कोण?' असे आले तर पहिली ओळ फसली.

या दुसऱ्या बाबतीत माझी एक कुरबूर आहे. संदेशात लिहिणारीचे नाव नाही. व्हॉट्सॲपवर क्रमांकाबरोबर तिने ठेवलेले प्रोफाइल-नाव दिसते, त्यात बेदाणा आणि तासगाव दोन्ही होते, म्हणून 'आमच्याकडे' या शब्दाला आधार मिळाला. तरी मी नमस्कारानंतर नाव घातले असते. बाईंचे म्हणणे, नाव घातले तर कुकी मागे सरकते आणि यादीत दिसत नाही. हिशेब त्यांचा बरोबर आहे; माझी हरकत सवयीची असेल.

लिंक्डइनवर पाठवताना त्यांना याहून आखडते घ्यावे लागले. तिथे ओळख-विनंतीसोबतच्या चिठ्ठीला पैसे न भरणाऱ्या खात्यासाठी २०० चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत ही मर्यादा दिसते त्याहून कडक असते. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. 'प्रत्येक' डोळ्यांना तीन अक्षरांचा, पण मोजणीत आठ चिन्हांचा. म्हणजे जोडाक्षरे टाळली की जागा सुटते. त्यांची चिठ्ठी अशी :

नमस्कार मॅडम. तुमच्या ओट्स कुकीला चालेल असा छोट्या दाण्याचा, काडी काढलेला तासगावचा बेदाणा आम्ही करतो. ओलावा १५ टक्क्यांच्या आत. १ किलो नमुना कारखान्यावर पाठवू का?

ही १६२ चिन्हे होतात. बेकऱ्या गेल्या, अहवाल गेला, आठवडा गेला, चाकण गेले. नाव आणि व्यवसाय प्रोफाइलवर एका टिचकीच्या अंतरावर असतात, म्हणून पुराव्याची ओळ तिथे सोडून देता आली. ओलावा मात्र सोडला नाही, कारण तो प्रोफाइलवर सापडणार नव्हता. आणि 'आमच्याकडे आहे' चे 'आम्ही करतो' झाले. कारण तिथे दलालांची गर्दी. उत्पादक स्वतः लिहितो आहे हे एका क्रियापदात सांगून टाकले.

संदेशात भाव कुठेच नाही, यावर कुणीही व्यापारी भुवई उंचावेल. ईमेलमध्ये भावांचा तक्ता होता. तो काढण्यामागे चलाखी आहे असे मला आधी वाटले, पण बेदाण्याचा भाव प्रत, लॉट आणि वजन पाहून ठरतो. पहिल्या ओळख-संदेशात एकच आकडा टाकला, तर तो एकतर खोटा ठरतो किंवा घासाघीस दाणा पाहण्याआधीच सुरू होते. तीन ओळींत काय मावत नाही हे ओळखून ते बाहेर ठेवणे, हाही संक्षेपाचाच भाग. उत्तर आले ते असे : 'पाठवा. भाव?'

त्यावर त्यांचा दुसरा संदेश होता : 'उद्या नमुना निघतो. १५ किलोच्या पेटीचा चाकण-पोहोच भाव लॉटनिहाय लिहून नमुन्यासोबत पाठवते. त्या लॉटचा माल १० तारखेपर्यंत राखून ठेवते.' भाव टाळलेला नाही आणि सांगितलेलाही नाही. तो आकडा वाचला जाईल तेव्हा किलोभर बेदाणा टेबलावर सांडलेला असेल, आणि 'पोहोच' शब्दामुळे वाहतुकीचा प्रश्नही विचारायला उरलेला नाही.